पाचशेच्या खालची गर्दी

माझा मावसभाऊ इचलकरंजीला असतो. चार माग चालवतो आणि दुपारी हिशेबाच्या टेबलावर मोबाइल ठेवून शेअर बघतो. गेल्या वर्षी एक दिवस त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "अरे, हे लोक माझाच स्टॉपलॉस बघून मारतात! पाचशेला लावला होता. खाली आला, मला काढलं आणि संध्याकाळी परत वर. सांग, हा योगायोग?"

योगायोग नव्हता. पण कुणी त्याच्या १२५ शेअरांवर टपून बसलं होतं असंही नव्हतं. एनएसईवर स्टॉपलॉसची विक्री ट्रिगर लागेपर्यंत वेगळ्या वहीत पडून असते. मोबाइलवर खरेदी-विक्रीच्या भावांची जी उतरंड दिसते, तिच्यात ती नसते. शेवटचा सौदा ट्रिगरच्या भावाला किंवा त्याखाली झाला, की ती वहीतून बाहेर पडते आणि विक्रीची साधी ऑर्डर होऊन बाजारात येते. त्याचा आकडा कुणी पाहिला नव्हता. पण तो आकडा ओळखायला पाहण्याची गरज कुठे होती? पाचशे, झालं.

कंपनीचं नाव सांगत नाही, ही शिफारस नव्हे. आकडे मात्र सांगतो, कारण सगळा धडा त्यांच्यातच आहे. हा शेअर आधी ४७८.३० ला तळ करून ५२१ पर्यंत चढला. तिथून ४९६.४० पर्यंत घसरला आणि मग आधीचा माथा ओलांडून ५३८ ला गेला. माथा आधीच्या माथ्याहून वर, तळ आधीच्या तळाहून वर. चढत्या बाजाराची बांधणी म्हणतात ती एवढीच. ५३८ वरून भाव थोडा उतरला तेव्हा भावाने ५२४ ला १२५ शेअर घेतले आणि पाचशेला स्टॉपलॉस लावला.

मी त्याला विचारलं, "पाचशेच का?"

"पाचशे तुटलं म्हणजे गेलंच ना!"

पण पाचशे तर आधीच तुटलं होतं. भाव ४९६.४० पर्यंत जाऊन आला होता आणि तरीही तेजी टिकली होती, उलट तिथूनच ती ५३८ पर्यंत गेली होती. म्हणजे पाचशेखाली जाण्याने त्याच्या अंदाजातलं काहीच खोटं ठरत नव्हतं. अंदाज खोटा ठरणार होता तो ४९६.४० चा तळ मोडला तर, कारण तेव्हा 'तळ वर सरकताहेत' हे म्हणणंच संपतं. स्टॉपलॉस कुठे लावायचा या प्रश्नाचं उत्तर या वाक्यात आहे. पाचशे हा आकडा त्याच्या मनात होता, चार्टवर नव्हता.

आणि तो सगळ्यांच्याच मनात असतो. याचा चांगला पुरावा शेअरबाजारातून नाही, चलनबाजारातून आला. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत काम करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ कॅरल ऑस्लर यांना एका मोठ्या बँकेच्या वहीतल्या ९,६५५ ऑर्डर तपासायला मिळाल्या. ऑगस्ट १९९९ ते एप्रिल २००० या काळातल्या, डॉलर-येन, युरो-डॉलर आणि पौंड-डॉलर या तीन जोड्यांच्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक बारकावा आहे, आणि बहुतेक लोक नेमका तोच विसरतात. नफा घेण्याच्या ऑर्डर बरोब्बर गोल आकड्यावर गोळा होतात. स्टॉपलॉसच्या ऑर्डर मात्र त्या आकड्याच्या पलीकडे गोळा होतात; विक्रीच्या जरा खाली, खरेदीच्या जरा वर. म्हणून भाव गोल आकड्यापाशी येऊन थबकतो, बरेचदा तिथूनच उलटतो. पण एकदा आकडा ओलांडला की पुढे तो घसरगुंडीवर बसल्यासारखा जातो.

आपल्या शेअरला हेच लावून बघा. पाचशेला घेऊ म्हणून थांबलेले खरेदीदार तिथे उभे असतात. मंदीवाले आपला नफा घरी नेण्यासाठी तिथेच खरेदी करतात. तोवर भाव टिकतो. ही खरेदी संपली की पुढचा सौदा ४९९.९० ला होतो आणि तिथल्या स्टॉपलॉसना ट्रिगर लागतो. त्यांची विक्री बाजारात येते, भाव ४९९ ला जातो, तिथले स्टॉप उडतात, त्यांची विक्री पुढच्यांना उडवते. कुणी कट केलेला नसतो. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून तोच शहाणपणा केलेला असतो, एवढंच.

यातून एक दुसरी माणसं मात्र फायदा उचलतात. ज्याला दोन-तीन लाख शेअर घ्यायचे आहेत, त्याने चढत्या भावात हात घातला तर भाव त्याच्याच खरेदीने पळतो. त्याला कुठेतरी एकगठ्ठा विकणारे हवे असतात. पाचशेखाली ते रांगेत उभे आहेत हे त्याला ठाऊक असतं. तो तिथे थांबतो. माझ्या भावाचे १२५ शेअर ४९९.३५ ला गेले ते बहुधा असल्याच कुणाकडे. भावाचं नुकसान झालं ३,०८१ रुपये २५ पैसे, दलाली वेगळी.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पाचशे नको, तळाखाली लावू; ४९६ किंवा ४९६.३५. इथे दुसरी गर्दी भेटते. चार्ट वाचायला शिकलेला प्रत्येक जण तेच करतो. त्या दिवशी भाव ४९३.८० पर्यंत गेला, म्हणजे पाचशेवालेही उडाले आणि तळाला चिकटून बसलेलेही. मग भाव फिरला आणि बाजार बंद होताना ५०४.६० होता. दिवसाच्या मेणबत्तीला खाली लांबलचक शेपूट, बंद भाव मात्र तळाच्या वर. खालचे स्टॉप उचलून भाव परतल्याची ही नेहमीची खूण. फक्त ती दिवस संपल्यावर कळते; दुपारी सव्वा वाजता ते खरं कोसळणं असतं की नुसतं झाडून घेणं असतं, हे ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून तळाच्या मागे थोडी मोकळी जागा सोडायची. किती, हे शेअरच ठरवतो. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेलं एटीआर नावाचं माप जवळपास प्रत्येक चार्टवर मिळतं. आदल्या दिवसाच्या बंद भावापासूनची उडीसुद्धा धरून शेअर रोज सरासरी किती रुपये हलतो, ते त्यातून कळतं. या शेअरचा चौदा दिवसांचा एटीआर होता १२ रुपये. मी त्याच्या निम्मं धरतो. हा माझा अंगवळणी पडलेला हिशेब आहे, शास्त्र नव्हे. ४९६.४० मधून ६ गेले, ४९०.४० राहिले. पण हा आकडा ४९० च्या डोक्यावर येतो. ४९० ला घेणारे लोक असतील, तर त्यांना माझ्या पुढे उभं राहू दे. मी स्टॉप ४८८.७० वर नेला.

खरी अडचण इथून सुरू होते. ५२४ ला घेऊन ४८८.७० चा स्टॉप म्हणजे शेअरमागे ३५ रुपये ३० पैशांची जोखीम. माझं भांडवल तीन लाख, एका सौद्यात एक टक्का म्हणजे तीन हजारांहून जास्त घालवायचे नाहीत असा नियम. त्यात ८४ शेअर बसतात, भावाने घेतले तसे १२५ नाहीत. स्टॉप लांब नेला आणि शेअर तेवढेच ठेवले तर ती नुसती मोठी जुगारी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी शेअर किती घ्यायचे ते ठरवतात, मग झेपेल एवढं नुकसान मोजतात आणि ते जिथे बसेल तिथे स्टॉप ठोकतात. 'पाच टक्क्यांचा स्टॉप' हा त्याचाच भाऊ. ५२४ चे पाच टक्के ४९७.८० ला येतात, पाचशेच्या खाली आणि तळाच्या वर. बरोबर गर्दीच्या मधोमध.

शिवाय वरचा माथा होता ५३८. चौदा रुपयांच्या आशेवर पस्तीस रुपये पणाला कशाला लावायचे? स्टॉप जवळ ओढणं हा त्यावरचा उपाय नाही; खरेदीचा भाव खाली नेणं हा आहे. मी ५०९ ला ऑर्डर टाकून थांबलो. भाव तिथपर्यंत आलाच नसता तर सौदा झाला नसता, आणि असं माझ्या बाबतीत निम्म्याहून जास्त वेळा होतं. या वेळी आला. जोखीम शेअरमागे २०.३०, संख्या १४७. ज्या घसरणीत भावाचा स्टॉप उडाला, त्याच घसरणीत मला शेअर मिळाले. ४९३.८० बघून पोटात गोळा आलाच, पण ४८८.७० लागला नाही.

या पद्धतीला भोकं आहेत. सर्वात मोठं म्हणजे उडी. स्विस राष्ट्रीय बँकेने २०११ पासून युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याचा पण केला होता आणि त्या भिंतीच्या मागे असंख्य लोकांनी स्टॉप लावले होते. बांधणी म्हणाल तर याहून भक्कम कुठली? १५ जानेवारी २०१५ ला बँकेने तो पण एकाएकी सोडला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावांना घेणारंच कुणी नव्हतं, त्यामुळे स्टॉप लागले ते भलत्याच भावाला. आपल्याकडे हेच रात्रीतून होतं. ४८८.७० ट्रिगर आणि ४८६ मर्यादा अशी एसएल ऑर्डर असेल आणि निकाल वाईट लागून शेअर ४७५ ला उघडला, तर ट्रिगर लागतो पण विक्री होत नाही. ऑर्डर ४८६ ला लटकत राहते. एसएल-एम लावली तर विक्री होते, पण मिळेल त्या भावाला. त्यात एक्स्चेंजवरची स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. रोज सकाळी पुन्हा टाकावी लागते, नाहीतर ब्रोकरची जीटीटीसारखी सोय वापरावी लागते. एक दिवस विसरलात की तुमचा सुंदर विचार करून काढलेला आकडा फक्त वहीत राहतो.

पुढे भाव ५५७ ला गेला आणि तिथून ५१४.३० ला नवा तळ करून पुन्हा वर वळला. त्या तळाखाली तेच सहा रुपये सोडून मी स्टॉप ५०८.३० वर आणला. पंधरवड्यात तो लागला, विक्री झाली ५०७.९० ला. शेअरमागे एक रुपया दहा पैसे, म्हणजे १६१ रुपये ७० पैशांचं नुकसान.

भावाला सांगितलं तर तो हसला. "म्हणजे तुझाही उडालाच की शेवटी!"

उडाला. महिन्याभराने शेअर ४७१ ला होता.