प्रेक्षक नेमके कुठे अडले?

यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली कुणी 7:42 असं लिहिलं की त्या आकड्याची लिंक तयार होते. तिच्यावर क्लिक केलं की व्हिडिओ थेट त्या क्षणी जातो. शिकवण्याचे व्हिडिओ करणाऱ्याला या आकड्यांतून फार मोलाची माहिती मिळते. कोणता भाग लोक पुन्हा पुन्हा बघतात हे यूट्यूबचा आलेखही दाखवतो. पण आवडलं म्हणून मागे गेले की कळलं नाही म्हणून, हे त्यावरून समजत नाही. ते कॉमेंटमधल्या शब्दांवरूनच समजतं.

दहावीच्या वर्गसमीकरणांवरचा व्हिडिओ आहे असं समजा. बाईंनी पूर्ण वर्ग पद्धतीसाठी x² + 8x − 20 = 0 हे समीकरण घेतलंय. वेळ लिहिलेल्या सगळ्या कॉमेंट आधी वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवायच्या आणि व्हिडिओचे १५-१५ सेकंदांचे भाग पाडून प्रत्येक कॉमेंट आपापल्या भागात टाकायची. मुलं 7:42, 7:40, 7:38 अशा वेगवेगळ्या वेळा लिहितात. भाग पाडले की त्या एकत्र येतात. मग मजकूर वाचायचा. ‘हे 16 कुठून आले?’, ‘इथे परत सांगा ना’ हे अडल्याचे शेरे, तर ‘आत्ता डोक्यात शिरलं’ ही दाद.

समजा, अडल्याचे शेरे 7:30 ते 7:45 मध्ये दाटले आहेत. तेवढाच तुकडा बघून भागत नाही. मूल जिथे थांबतं तिथली वेळ लिहितं. चूक बहुधा आधी झालेली असते. म्हणून निदान अर्धा मिनिट मागून बघावं. 7:15 च्या सुमारास बाई ‘8 च्या निम्म्याचा वर्ग’ एवढंच भरकन बोलून पुढे गेलेल्या दिसतात. निम्मे 4, त्यांचा वर्ग 16, तो दोन्ही बाजूंना मिळवला की (x + 4)² = 36 होतं, हे फळ्यावर आलंच नाही. दुरुस्ती 7:15 ला हवी.

मोजताना काही कॉमेंट वगळाव्या लागतात. एखादा प्रेक्षक सबंध व्हिडिओची अनुक्रमणिकाच वेळांसह लिहून देतो. ती ना दाद, ना तक्रार. ‘उद्या 4:30 ला लाइव्ह आहे का?’ यातली वेळ घड्याळातली. सुरुवातीचे भाग तर जास्त लोक बघतात, त्यामुळे तिथे कॉमेंटही जास्त पडतात. पहिल्या मिनिटातल्या दहा शेऱ्यांपेक्षा अठराव्या मिनिटातले पाच शेरे अधिक गंभीर असू शकतात. त्या क्षणापर्यंत किती प्रेक्षक टिकले हे यूट्यूब स्टुडिओत दिसतं. शेऱ्यांना त्या संख्येने भागूनच तुलना करावी.

चढवलेल्या व्हिडिओची फाइल यूट्यूबवर बदलता येत नाही. त्यामुळे 16 चा खुलासा कॉमेंटमध्ये लिहून ती सर्वांत वर पिन करावी, आणि पुढच्या वेळी ती पायरी फळ्यावर मांडावी.