ट्रेमधल्या गोळ्या मोजणारा कॅमेरा

काळ्या, चमक नसलेल्या ट्रेमध्ये पांढऱ्या गोल गोळ्या पसरा आणि बरोबर वर रास्पबेरी पायला जोडलेला कॅमेरा बसवा. ओपनसीव्ही हे मोफत सॉफ्टवेअर आधी चित्र करड्या छटांत आणतं. मग ओत्सूची पद्धत उजेड-अंधाराची सीमारेषा स्वतः ठरवते: गोळ्या पांढऱ्या, बाकी सगळं काळं. `connectedComponents` हे पांढरे ठिपके मोजतं. त्यात पार्श्वभूमीही धरलेली असते, म्हणून एक वजा करायचा.

खरी अडचण चिकटलेल्या गोळ्यांची. दोन गोळ्या टेकल्या की त्यांचा एकच ठिपका होतो आणि एक गोळी कमी भरते. अशा ठिपक्याचं क्षेत्रफळ इतरांच्या जवळपास दुप्पट असतं, त्यावरून चूक लगेच ओळखू येते. उपाय `distanceTransform`चा: प्रत्येक पांढरा बिंदू काळ्या कडेपासून किती आत आहे, हे तो सांगतो. सर्वांत मोठ्या अंतराच्या साधारण 60 टक्क्यांहून कमी असलेले बिंदू पुसले, की जोडाची अरुंद जागा नाहीशी होते आणि दोन्ही गोळ्यांचे मध्य सुटे उरतात. तेच मोजायचे.

एकावर एक चढलेली गोळी मात्र वरच्या कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्यासाठी मोजणीआधी ट्रे हलवून गोळ्या एका थरात आणाव्याच लागतात.