फ्लूची लस दरवर्षी का बदलते?

फ्लूच्या विषाणूच्या आवरणावर दोन प्रकारची प्रथिने काट्यांसारखी उभी असतात. त्यांपैकी ‘एच’ पेशीला चिकटते, तर ‘एन’ नव्या विषाणूंना पेशीतून सुटायला मदत करते. प्रतिपिंडे मुख्यतः ‘एच’लाच ओळखतात.

आत आरएनएचे आठ सुटे तुकडे असतात. त्यांच्या नकला काढताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे ‘एच’चे रूप हळूहळू बदलत जाते. हा ‘ड्रिफ्ट’. 2014-15च्या हिवाळ्यात अमेरिकेत पसरलेला बहुतेक एच3एन2 विषाणू असाच बदललेला निघाला आणि लसीचे संरक्षण तोकडे पडले.

‘शिफ्ट’मध्ये बदल एकदम होतो. एकाच डुकराला दोन वेगळ्या फ्लूंची लागण झाली, तर आरएनएच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. 2009चा स्वाइन फ्लू अशाच सरमिसळीतून आला. बहुतेकांच्या शरीराला तो अनोळखी होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात भारतातला पहिला बळी गेला.

जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये लसीतले विषाणू सुचवते. लस तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात. तेवढ्या काळात विषाणू पुन्हा बदलला, तर लसीचा नेम चुकतो. तरीही गंभीर आजारापासून ती बऱ्याचदा वाचवते.