दर्शनी अधिकार

दर्शनी अधिकार ही करारविषयक कायद्यातील अभिकरण या विषयातील एक संकल्पना आहे. दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्या व्यक्तीशी व्यवहार करणाऱ्यास अभिकर्ता किंवा एजंट म्हणतात. ज्याच्या वतीने तो वागतो तो प्रकर्ता होय. व्यवहारात प्रकर्त्यास मालक किंवा धनी असेही म्हटले जाते. अभिकर्त्यास प्रत्यक्षात जो अधिकार दिलेला नाही, परंतु प्रकर्त्याच्या शब्दांमुळे किंवा वर्तनामुळे तो दिलेला आहे असे त्रयस्थास रास्तपणे वाटते, त्यास दर्शनी अधिकार म्हणतात. अशा अधिकाराखाली झालेला करार प्रकर्त्यावर बंधनकारक ठरतो. भारतात हा विषय भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात येतो.

हा प्रश्न बहुधा अशा वेळी उद्भवतो, जेव्हा अभिकर्ता मर्यादा ओलांडून मोकळा झालेला असतो किंवा त्याच्याकडून वसुली होण्याची शक्यता उरलेली नसते. मागे राहतात प्रकर्ता आणि त्रयस्थ. पुष्कळदा दोघेही निर्दोष असतात आणि नुकसान मात्र एकाने सोसावेच लागते.

प्रत्यक्ष अधिकार

प्रत्यक्ष अधिकार हा प्रकर्ता आणि अभिकर्ता या दोघांमधील संमतीतून निर्माण होतो. तो तोंडी किंवा लेखी शब्दांत दिलेला असेल तर व्यक्त, आणि परिस्थितीवरून व नेहमीच्या व्यवहारावरून समजून घ्यावयाचा असेल तर गर्भित समजला जातो. अधिनियमाच्या कलम १८७ मध्ये याचे एक उदाहरण दिले आहे. मालक कलकत्त्यात राहतो आणि त्याचे दुकान बंगालमधील सेरामपूर येथे आहे. तेथील व्यवस्थापक मालकाच्या नावे एका व्यापाऱ्याकडून नेहमी माल मागवतो आणि मालकाला माहीत असताना त्याच्याच पैशातून बिले भागवतो. अशा व्यवस्थापकास माल मागविण्याचा गर्भित अधिकार आहे, असे हे कलम मानते.

एखादे काम करण्याच्या अधिकारात ते काम पार पाडण्यासाठी आवश्यक असलेली प्रत्येक कायदेशीर गोष्ट करण्याचा अधिकारही येतो (कलम १८८). मात्र लेखी मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालये काटेकोरपणे लावतात. मालमत्तेची देखभाल करण्याच्या आणि ती भाड्याने देण्याच्या अधिकारात ती विकण्याचा अधिकार येत नाही. तो स्वतंत्रपणे लिहिलेला असावा लागतो. म्हणूनच मुखत्याराकडून जमीन किंवा सदनिका घेणाऱ्याने मुखत्यारपत्र स्वतः वाचणे अपेक्षित असते. ते न वाचता मुखत्याराच्या शब्दावर विसंबलेल्या खरेदीदारास पुढे दर्शनी अधिकाराचा आधार सहसा मिळत नाही.

दर्शनी अधिकाराचे स्वरूप

प्रत्यक्ष अधिकार ठरविताना प्रकर्ता आणि अभिकर्ता यांच्यात काय ठरले होते ते पाहिले जाते. दर्शनी अधिकाराच्या बाबतीत प्रकर्त्याने त्रयस्थाला काय भासू दिले हे पाहिले जाते. अभिकर्त्याला दिलेल्या खासगी सूचना त्रयस्थाला दिसत नाहीत, त्यामुळे त्या त्याच्याविरुद्ध वापरता येत नाहीत. इंग्रजी कायद्यात ही कल्पना विबंधाच्या तत्त्वावर उभी आहे: एखादी गोष्ट खरी आहे असे दुसऱ्यास भासवून त्याला त्यावर विसंबू दिल्यानंतर ती नाकारता येत नाही. भारतीय अधिनियमात हेच तत्त्व कलम २३७ मध्ये येते. अनधिकृत कृत्य अभिकर्त्याच्या अधिकारकक्षेतील आहे असा विश्वास प्रकर्त्याने आपल्या शब्दांनी किंवा वर्तनाने त्रयस्थाच्या मनात उत्पन्न केला असेल, तर ते कृत्य प्रकर्त्यावर बंधनकारक असते.

समजा, सांगली जिल्ह्यातील एका बागायतदाराने दहा टन बेदाणा अडत्याकडे विक्रीस ठेवला आणि किलोला १८० रुपयांखाली विकू नये अशी सूचना दिली. अडत्याने तो १६५ रुपये दराने विकला. खरेदीदाराला या सूचनेची कल्पना नव्हती. अडत्याच्या ताब्यात विक्रीसाठी माल देणे हेच बागायतदाराचे असे वर्तन आहे, की त्यावरून दर ठरविण्याचा अधिकार अडत्यास आहे असे कोणताही खरेदीदार समजेल. म्हणून विक्री वैध ठरते आणि बागायतदारास खरेदीदाराकडून माल परत मागता येत नाही. कलम २३७ खालील पहिले उदाहरण नेमके अशाच विक्रीचे आहे.

अडत्या मात्र यातून सुटत नाही. प्रकर्त्याच्या सूचनेविरुद्ध वागल्याने झालेला तोटा भरून देणे हे कलम २११ नुसार अभिकर्त्याचे दायित्व आहे. किलोमागे १५ रुपयांच्या फरकाने येथे मागणी दीड लाख रुपयांची होईल. तथापि तोटा सिद्ध करावा लागतो, आणि त्या काळात बाजारभावच १६५ च्या वर नव्हता असे अडत्याने दाखविल्यास पूर्ण रक्कम मिळणे कठीण होते. याउलट, खरेदीदाराला १८० ची मर्यादा ठाऊक होती असे दिसून आले, तर कलम २३७ चे संरक्षणच उरत नाही. साक्षीपुराव्याचा रोख म्हणून बहुधा याच एका मुद्द्याकडे असतो.

फ्रीमन आणि लॉकयर खटला

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा निवाडा इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९६४ साली दिलेला ‘फ्रीमन अँड लॉकयर विरुद्ध बकहर्स्ट पार्क प्रॉपर्टीज’ हा आहे. बकहर्स्ट पार्क ही इस्टेट विकत घेऊन पुन्हा विकण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली होती. तिचे चार संचालक होते. व्यवस्थापकीय संचालक नेमण्याची तरतूद कंपनीच्या नियमावलीत होती. पण तशी नेमणूक कधीच झाली नाही. प्रत्यक्षात मात्र एक संचालक सर्व कारभार पाहत असे आणि इतर संचालकांना ते माहीत होते. त्याने बांधकाम परवानगीच्या अर्जासाठी व संबंधित कामांसाठी एका वास्तुविशारद फर्मला नेमले. फर्मने काम पूर्ण करून सुमारे २९१ पौंडांचे शुल्क मागितले, तेव्हा त्या संचालकास असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, असा पवित्रा कंपनीने घेतला.

ठराव नव्हता, नेमणूक नव्हती. म्हणजे प्रत्यक्ष अधिकार नव्हता, हे खरेच होते. तरीही न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले. न्यायमूर्ती डिप्लॉक यांनी केलेल्या विश्लेषणानुसार प्रथम त्रयस्थापुढे असे निवेदन झालेले असावे लागते, की संबंधित व्यक्तीस त्या प्रकारचा करार करण्याचा अधिकार आहे. हे निवेदन करणाऱ्यांकडे स्वतः कारभाराचा प्रत्यक्ष अधिकार असावा लागतो. त्रयस्थ त्या निवेदनावर विसंबून करारास प्रवृत्त झालेला असावा लागतो. शेवटी, कंपनीच्या घटनापत्राने तसा करार करणे किंवा तो अधिकार दुसऱ्याकडे सोपविणे निषिद्ध केलेले नसावे. बकहर्स्टच्या संचालक मंडळाने त्या गृहस्थास व्यवस्थापकीय संचालकाप्रमाणे वागू दिले, हेच निवेदन ठरले. आणि परवानगीसाठी वास्तुविशारद नेमणे हे अशा पदाच्या नेहमीच्या अधिकारात येते. म्हणजे निवेदन शब्दांतूनच व्हावे असे नाही. एखाद्यास एका पदावर बसविणे किंवा तेथे बसलेला चालवून घेणे, एवढेही पुरते.

मर्यादा

अभिकर्ता स्वतःच्या शब्दाने स्वतःचा दर्शनी अधिकार निर्माण करू शकत नाही. ‘मला वरून मंजुरी मिळाली आहे’ हे त्याचे विधान सामान्यतः पुरेसे नसते, कारण दर्शन प्रकर्त्याकडून घडलेले असावे लागते. ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८६ साली ‘आर्मागास विरुद्ध मुंडोगास’ या खटल्यात हे स्पष्ट केले. तेथे एका जहाजाच्या विक्रीबरोबर ते तीन वर्षांसाठी भाड्याने परत घेण्याचा करार विकणाऱ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने केला. असा करार करण्याचा सर्वसाधारण अधिकार त्याला नाही हे खरेदीदारास माहीत होते. आपल्याला या व्यवहारापुरती खास मंजुरी मिळाल्याचे त्याने खोटेच सांगितले होते. कंपनी त्या कराराने बांधली गेली नाही.

माणूस एखाद्या संस्थेत नोकरीस आहे एवढ्यावरून त्याची प्रत्येक कृती संस्थेची ठरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ साली आलेल्या भारतीय स्टेट बँकेविरुद्धच्या प्रकरणात खातेदाराच्या बाजूने खात्यात भरण्यासाठीची रक्कम ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे वैयक्तिकरीत्या सोपविण्यात आली होती आणि त्याने ती हडप केली. कर्मचाऱ्याने ती रक्कम बँकेच्या कामाच्या ओघात नव्हे, तर खातेदाराचा स्वतःचा माणूस म्हणून स्वीकारली, असे ठरवून न्यायालयाने बँकेस जबाबदार धरले नाही. रक्कम काउंटरवर भरून पावती घेणे आणि ओळखीच्या हाती ती देणे, या दोहोंतील कायदेशीर अंतर एवढे मोठे आहे.

इंग्लंडमधील १८९३ चा ‘वॅटो विरुद्ध फेनविक’ हा निवाडा या चौकटीत बसत नाही. तेथे बिअरगृहाच्या व्यवस्थापकाने मनाई असताना सिगार उधारीवर घेतले. विक्रेता व्यवस्थापकासच मालक समजत होता. खऱ्या मालकाचे अस्तित्वच त्याला ठाऊक नव्हते. तरीही मालकास पैसे द्यावे लागले. जो दिसतच नव्हता त्याने विक्रेत्यास काही भासविले असे म्हणता येत नाही, म्हणून या निवाड्यावर सातत्याने टीका झाली आहे, आणि ती रास्त आहे.

अधिकार काढून घेतल्यानंतर

दर्शनी अधिकार प्रत्यक्ष अधिकाराच्या मागेही उरतो. कलम २०८ नुसार अभिकर्त्याचा अधिकार संपुष्टात आला तरी त्रयस्थाच्या बाबतीत ते त्याला कळल्यानंतरच लागू होते. वसुली करणाऱ्या गुमास्त्यास कामावरून काढले, पण नेहमीच्या ग्राहकांना कळविले नाही, तर त्यानंतर ग्राहकांनी त्याच्याकडे भरलेले पैसे मालकास पोहोचल्यासारखेच धरले जाऊ शकतात. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याशी व्यवहार करू नये, अशा जाहीर सूचना वृत्तपत्रांत दिल्या जातात त्या यासाठीच.

दर्शनी अधिकारही नसेल तेव्हा

अशा वेळी प्रकर्ता बांधलेला नसतो. पण तो कृत्यास नंतर मान्यता देऊ शकतो. विनापरवानगी घेतलेला माल प्रकर्त्याने स्वतःचा म्हणून पुढे विकला, तर वर्तनातूनच मान्यता दिली असे होते. मान्यता देताना महत्त्वाच्या वस्तुस्थितीची जाणीव असावी लागते, आणि फायद्याचा भाग स्वीकारून उरलेला नाकारता येत नाही.

अधिकारातील भाग आणि अधिकाराबाहेरील भाग वेगळे करता येत असतील, तर प्रकर्ता पहिल्यापुरताच बांधील असतो. वेगळे करता येत नसतील तर तो सर्वच व्यवहार नाकारू शकतो. कलम २२८ मधील उदाहरणात ५०० मेंढ्या घेण्यास सांगितलेला अभिकर्ता ५०० मेंढ्या आणि २०० कोकरे मिळून एकरकमी ६,००० रुपयांना घेतो. रक्कम एकच असल्याने मेंढ्यांची किंमत निराळी काढता येत नाही, म्हणून प्रकर्त्यास संपूर्ण खरेदी नाकारता येते.

मान्यताही मिळाली नाही, तर अधिकार असल्याची खोटी बतावणी करणाऱ्याविरुद्ध त्रयस्थास कलम २३५ खाली नुकसानभरपाई मागता येते. ही मागणी केवळ त्या व्यक्तीविरुद्ध असते. तिच्याकडे देण्यासारखे काही नसेल तर हुकूमनामा हाती येऊनही वसुली होत नाही.