जाड तारेची स्प्रिंग पोट का काढते?

टूलरूममध्ये स्प्रिंग तुटली की सल्ला ठरलेला असतो: तार जरा जाड घ्या. तुटणाऱ्या स्प्रिंगच्या बाबतीत तो बऱ्याचदा बरोबरही ठरतो. पण दाब सोसणाऱ्या स्प्रिंगला आणखी एक दुखणे जडते. ती तुटत नाही. दबता दबता मधूनच पोट काढते, बाजूला झुकते आणि शेजारच्या भागाला घासू लागते. अशा स्प्रिंगला जाड तार दिली तर दुखणे वाढते. हे कसे, ते एक उदाहरण सोडवले की कळते.

समजा, ड्रिलिंगच्या एका फिक्स्चरमध्ये जॉब खालून उचलून धरणारी प्लेट आहे. प्लेट पूर्ण खाली गेली की तिच्याखालची स्प्रिंग ५० मिलिमीटर दबते आणि त्या क्षणी तिने ३०० न्यूटनचा, म्हणजे साधारण ३० किलो वजनाएवढा जोर लावायला हवा. स्प्रिंग बसते ती ३० मिमी व्यासाच्या उथळ खळग्यात. तिचा बाकीचा भाग मोकळाच असतो. ३०० भागिले ५०, म्हणजे दर मिलिमीटरला ६ न्यूटन. हा झाला स्प्रिंगचा ताठरपणा. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा राहतो.

स्प्रिंग दबते तेव्हा तिची तार आखूड होत नाही, ती पिळली जाते. प्रत्येक वेढ्यात थोडा थोडा पीळ पडतो आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे स्प्रिंगचे दबणे. म्हणूनच ताठरपणाचे सूत्र असे येते:

k = G d⁴ / (8 D³ n)

इथे k म्हणजे ताठरपणा, d तारेची जाडी आणि D वेढ्याचा सरासरी व्यास, म्हणजे तारेच्या मध्यापासून समोरच्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर. n म्हणजे काम करणारे वेढे. G हा पीळ सोसण्याचा पोलादाचा गुण. तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०,००० न्यूटन धरतात. सूत्रातली खरी गंमत चौथ्या घातात आहे. तार साडेतीनची चार मिलिमीटर केली, तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, पण ताठरपणा एकदम सत्तर टक्क्यांनी वाढतो.

आता पहिला प्रयत्न. खळग्यात सहज मावावी म्हणून सरासरी व्यास २४ मिमी घेऊ आणि 'मजबूत असू दे' म्हणून तार ४ मिमीची. बाहेरचा व्यास २८ झाला, जागा पुरते. सूत्रात आकडे घातले की काम करणारे वेढे ३१ येतात. दोन्ही टोके सपाट बसावीत म्हणून एकेक वेढा दाबून ग्राइंड करतात. ते दोन वेढे जोर देत नाहीत, पण जागा खातात. एकूण ३३ वेढे, म्हणजे वेढ्याला वेढा टेकल्यावरची लांबी १३२ मिमी. तिच्यात कामाचे ५० मिमी मिळवायचे. शिवाय काम करताना वेढे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून कामाच्या दबण्याच्या १५ टक्के, साधारण साडेसात मिलिमीटर राखीव ठेवायचे. मोकळी लांबी १९० मिमी झाली.

तारेवरचा ताण तपासला की मन निवांत होते. हा ताण वेढ्याच्या आतल्या बाजूला जास्त असतो आणि ती वाढ धरण्यासाठी ए. एम. वाल यांच्या नावाचा गुणक वापरतात. 'मेकॅनिकल स्प्रिंग्ज' हे १९४४ साली निघालेले पुस्तक याच वाल यांचे. तो गुणक धरूनही ताण दर चौरस मिलिमीटरला ३६० न्यूटनच्या आत राहतो. चांगल्या म्युझिक वायरला, रोज हजारो वेळा दाबायची नसेल तर, याच्या दुप्पट ताणही चालतो. कागदावर स्प्रिंग पास झाली.

बाकावर मात्र ती नापास होते.

फूटपट्टी दोन तळव्यांत धरून टोकांनी दाबली तर ती तुटण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकते. उंच, बारीक स्प्रिंगचे तेच होते. फरक एवढाच, की स्प्रिंग दबताना चांगलीच आखूड होत जाते, म्हणून खांबाचा हिशेब तिला जसाच्या तसा लावता येत नाही. हा प्रश्न फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जे. ए. हॅरिंक्स या डच संशोधकाने १९४०च्या दशकात नीट सोडवला. त्यातून निघालेला नियम सोपा आहे. पोलादी स्प्रिंगची दोन्ही टोके सपाट, समांतर पृष्ठभागांवर पक्की बसली असतील, तर मोकळी लांबी सरासरी व्यासाच्या ५.२६ पटींच्या आत असताना ती कितीही दाबली तरी वाकत नाही. आपल्या २४ मिमी व्यासाला ही मर्यादा येते १२६ मिमी, आणि आपली स्प्रिंग आहे १९० मिमीची. अशी स्प्रिंग किती दबल्यावर वाकेल, तेही त्याच हिशेबातून काढता येते: सुमारे ३८ मिलिमीटर. आपल्याला तर ५० हवेत.

आता नेहमीच्या सल्ल्याच्या उलट जाऊ. व्यास तोच ठेवू आणि तार ३.५ मिमीची घेऊ. काम करणारे वेढे ३१वरून १८वर येतात. टोकांचे धरून २०, पूर्ण दबलेली लांबी ७० आणि मोकळी लांबी १२८ मिमी. तार अर्ध्या मिलिमीटरने बारीक केली आणि स्प्रिंग ६२ मिलिमीटरने बुटकी झाली. ताण अर्थातच वाढतो: कामाच्या जोराला ५२०, आणि वेढे टेकेपर्यंत दाबली तर सुमारे ६१०. म्युझिक वायर तो सोसते. साध्या हार्ड ड्रॉन तारेला मात्र तो अगदी काठावरचा आहे, तिथे कंजूषी करू नये.

१२८ हा आकडा १२६च्या किंचित वर आहे, म्हणून हिशेब पूर्ण करायला हवा. वाकण्यासाठी ही स्प्रिंग ७७ मिमी दबावी लागेल. ती तर ५८ मिलिमीटरलाच वेढ्याला वेढा लावून थांबते. म्हणजे धोका टळला.

पण हे सारे टोके पक्की बसण्यावर अवलंबून आहे आणि गफलत बहुतेक इथेच होते. वरची प्लेट गाइड पिनांवर सरळ खाली-वर न होता खिळीवर डुलणारी असेल, तर हीच १२८ मिमीची स्प्रिंग साधारण २८ मिमी दबल्यावर वाकू लागते. तार तीच आणि वेढेही तेच. ड्रॉइंगवर स्प्रिंगची मापे असतात. टोक कशावर टेकणार हे क्वचितच लिहिलेले असते. टोके काटकोनात ग्राइंड झाली नसतील तर स्प्रिंग पहिल्यापासूनच तिरकी उभी राहते आणि हिशेबातली मर्यादा खाली सरकते. सरफेस प्लेटवर उभी करून शेजारी गुण्या लावला की हा तिरकेपणा लगेच दिसतो.

प्लेट डुलणारीच ठेवायची असेल तर आतून दांडा द्यावा लागतो. आपल्या स्प्रिंगचा आतला व्यास साडेवीस मिमी आहे, त्यात एकोणीसचा दांडा चालतो. दांडा वाकणे रोखतो, पण स्प्रिंग त्याला टेकली की घर्षण जोर खाते: दाबताना स्प्रिंग जास्त कडक वाटते आणि परत येताना ३०० न्यूटन पुरते मिळत नाहीत. वापरातली स्प्रिंग काढून पाहावी. मधल्या वेढ्यांवर आतून एकाच बाजूला चकचकीत पट्टा उमटला असेल, तर ती दांड्यावर वाकून घासते आहे. तो पट्टा खोल गेला की तार नेमकी तिथेच तुटते आणि कोणीतरी पुन्हा जाड तार मागवतो.