चतुर्थस्थान आणि चंद्र : पत्रिकेतील घराची अपेक्षा

विवाहाची बोलणी सुरू झाली की आपल्या व्यापारी कुटुंबांत पहिला प्रश्न येतो, ‘गुण किती जुळतात?’ ३६ पैकी १८ जुळले की पुढची पायरी. २५ च्या वर गेले की घरात समाधान पसरते. परंतु हे गुण कशावरून मोजले जातात, हे सहसा कोणी विचारीत नाही. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट आणि नाडी ही आठही कूटे केवळ जन्मकालीन चंद्राची रास आणि नक्षत्र यांवरून काढली जातात. पत्रिकेतील घर, म्हणजे चतुर्थस्थान, त्या हिशेबात कोठेच येत नाही. आणि विवाहानंतर दोघांनी राहावयाचे असते ते तर घरातच!

ज्योतिषशास्त्रात चतुर्थाला सुखस्थान म्हणतात. माता, वास्तू, जमीन, वाहन आणि मनाची स्वस्थता या गोष्टी तेथून पाहतात. चंद्र हा मनाचा आणि मातेचा कारक. कालपुरुषाच्या कुंडलीत चौथी रास कर्क, आणि तिचा स्वामी चंद्र. शिवाय चतुर्थात चंद्राला दिग्बल मिळते, असे मानतात. म्हणून जाणकार या दोहोंचा विचार एकत्र करतात. मन कशाने निवते, हे चंद्रावरून. आणि त्यासाठी घर कसे मांडलेले हवे, हे चतुर्थावरून. जोडीदाराकडून घराबाबत काय अपेक्षिले जाईल, याचा अंदाज या दोहोंच्या मेळातून बांधतात.

कसे पाहावे?

पत्रिकेत बहुधा लग्नकुंडली आणि राशिकुंडली अशा दोन आकृत्या शेजारी शेजारी असतात. चतुर्थस्थान पाहावयाचे ते लग्नकुंडलीत : वरच्या मधल्या चौकोनात लग्न, आणि डाव्या बाजूचा मधला चौकोन म्हणजे चतुर्थ. घाईत राशिकुंडलीतले चौथे घर लग्नावरचे समजून वाचले जाते आणि फळ भलतेच निघते.

त्या चौकोनातील आकडा म्हणजे तेथील रास. मग त्या राशीचा स्वामी कोणत्या स्थानात बसला आहे, चतुर्थात कोणता ग्रह आहे अथवा कोणाची दृष्टी आहे, हे पाहावे. आणि शेवटी चंद्र कोणत्या स्थानात आहे ते पाहून दोन्ही वाचने जुळतात की परस्परविरुद्ध जातात, हे ठरवावे.

एक उदाहरण

समजा, सुरगाण्यातील एका व्यापारी घरातील मुलाचे स्थळ आहे. खाली दुकान, वर राहते घर. नागली, वरई, भात यांची खरेदी आणि किराणा. मुलाचे लग्न तूळ, चंद्र कर्क राशीत पुष्य नक्षत्री, म्हणजे दशमस्थानात. मुलीचे लग्न कुंभ, चंद्र वृषभेत रोहिणी नक्षत्री, म्हणजे चतुर्थस्थानात.

गुणमेलन उत्तम आहे. रोहिणीची अंत्य नाडी आणि पुष्याची मध्य नाडी, म्हणून नाडीचे ८ गुण पूर्ण. वृषभ-कर्क हा तृतीय-एकादश योग, म्हणून राशिकूटाचे ७ गुण पूर्ण. इतर कूटांची भर पडून १८ चा टप्पा सहज ओलांडला जातो.

आता घर पाहू. मुलाच्या चतुर्थात मकर रास, स्वामी शनी. तो सप्तमात मेषेत, नीच राशीत आहे आणि तेथून दहाव्या दृष्टीने आपल्याच चतुर्थाकडे पाहतो. दशमातील चंद्राचीही सातवी दृष्टी चतुर्थावर आहे. याचा अर्थ असा लावतात : मुलाचे मन दशमात, म्हणजे दुकानात, निवते, घर त्याला शिस्तीचे, काटकसरीचे हवे असते, आणि चतुर्थेश सप्तमात असल्याने त्या घराचा भार जोडीदाराने उचलावा, अशी त्याची न बोललेली अपेक्षा असते.

मुलीच्या चतुर्थात वृषभ रास आणि तेथेच उच्चीचा चंद्र. चतुर्थेश शुक्र द्वितीयात, मीनेत, उच्चीचा आहे असे धरू. द्वितीय हे कुटुंबाचे आणि भोजनाचे स्थान. तिला घर हेच विश्रांतीचे ठिकाण. सर्वांनी एकत्र बसून जेवावे, वास्तू वारंवार बदलू नये आणि व्यवहाराची बोलणी स्वयंपाकघरापर्यंत येऊ नयेत, असे तिला वाटेल.

पत्रिका दोन्ही चांगल्या. चंद्रही दोन्ही बलवान, कारण एक स्वराशीचा, दुसरा उच्चीचा. तरीही एकाला घर हा दुकानाचा आधार वाटतो, दुसरीला दुकानापासूनचा आसरा. चतुर्थ आणि दशम ही स्थाने समोरासमोर असतात; खाली दुकान आणि वर घर असलेल्या कुटुंबात ती एकाच जिन्याने जोडलेली असतात. गुणांच्या बेरजेत हा भेद दिसत नाही.

जन्मवेळेची कसोटी

जुन्या मेलनात केवळ चंद्रच का घेतला असेल, याचे एक व्यावहारिक कारण सहज दिसते. चंद्राला एक रास ओलांडण्यास सुमारे सव्वादोन दिवस लागतात. जन्मवेळ तासभर चुकली तरी बहुधा रास बदलत नाही. लग्न मात्र साधारण दोन तासांत बदलते आणि त्याबरोबर चतुर्थही. वरील मुलाचे लग्न तूळ राशीच्या पहिल्याच अंशावर असेल आणि खरी वेळ दहा मिनिटे अलीकडची असेल, तर लग्न कन्या होईल, चतुर्थात धनू येईल, चंद्र एकादशात जाईल आणि वरचे सारे वाचन कोसळेल.

सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यात पूर्वी अनेक प्रसूती घरीच होत. वेळ आठवणीने, पावाअर्ध्या तासाच्या हिशेबाने सांगितली जाई. म्हणून वेळ पंधरा मिनिटे मागे आणि पुढे करून लग्न पुन्हा काढावे. तिन्ही वेळा चतुर्थाची रास तीच राहिली, तरच पुढे वाचावे. आणखी एक चूक तपासावी. सुरगाण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३५ मिनिटांनी मागे आहे. संगणक हा फरक स्वतःच धरतो. कोणी आधीच वजा केलेली वेळ त्यात भरली, तर लग्न सुमारे नऊ अंशांनी सरकते.

मर्यादा आणि उपयोग

या वाचनाला किती वजन द्यावे? पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक चाचणी घेतली. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद, एवढेच ज्योतिषांनी सांगायचे होते. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या होत्या. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के भरले, म्हणजे नाणेफेकीहून अधिक नाही. ती चाचणी घराविषयी नव्हती. तरी चतुर्थ पाहून स्थळ नाकारू नये, एवढे तिच्यावरून निश्चित समजावे.

मग उपयोग काय? बोलण्यात जे विषय येत नाहीत, ते या निमित्ताने निघतात. वरील उदाहरणात विचारण्याजोगे प्रश्न असे : बाजाराच्या दिवशी दुकान उशिरा बंद होते, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण कोण आणि कसे सांभाळते? सुनेने गल्ल्यावर बसावे, अशी अपेक्षा आहे काय? वरच्या मजल्यावर व्यापारी पाहुणे केव्हाही येतात, की त्यांची बैठक खालीच होते? पावसाळ्यात मुलगी माहेरी जाईल, तेव्हा घर कोण पाहील?

या प्रश्नांची उत्तरे मुलाने आणि मुलीने स्वतः, वडीलधाऱ्यांसमोर द्यावीत. ती मोकळेपणाने मिळाली, तर चतुर्थस्थान काय सांगते, हे बाजूला ठेवले तरी चालेल. आणि उत्तर देण्याचे कोणी टाळू लागले, तर ३६ पैकी किती गुण जुळले, हा आकडा तेथे उपयोगी पडणार नाही.