पाळीचा तिसरा दिवस आणि बारबेल

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचं कांस्यपदक अवघ्या एका किलोनं हुकलं. पाळीचा तिसरा दिवस होता, असं तिनं नंतर सांगितलं.

पाळीत ताकद सरसकट घटते, असं मात्र संशोधनात दिसत नाही. सरासरी फरक किरकोळ, पण बाईगणिक वेगळा. म्हणून वजन आधीच कमी करू नये. वॉर्मअपचे सेटच जड गेले, तर त्या दिवसापुरतं पाच-दहा टक्के उतरवावं. पाळीआधी भूक वाढली, तर एक भाकरी जास्त खावी.

थकवा मागे लागलाच, तर संशय लोहावर घ्यावा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आटलेला असू शकतो; तेही तपासावं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावं. आणि जेवणावरचा चहा? तो तासभर लांबच बरा, कारण तो लोह शोषू देत नाही.